लिफ्टवर उभं पात्र का थरथरतं?

गेममधलं पात्र सपाट जमिनीवर अगदी नीट चालतं. जिने चढतं, उड्या मारतं, कुठे काही खटकत नाही. मग ते एखाद्या सरकत्या फळीवर किंवा लिफ्टवर पाय ठेवतं आणि लगेच त्याच्या अंगाला बारीक कंप सुटतो. लिफ्ट वर जाताना बुटांचे तळवे फरशीत बुडतात आणि पुन्हा वर येतात. खाली जाताना पात्र फरशीपासून बोटभर वर तरंगल्यासारखं दिसतं, मधूनच पडण्याची हालचाल करतं आणि उडीचं बटण दाबलं तरी उडत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, आपला कॉम्प्युटर कमी पडतोय. बनवणाऱ्याला वाटतं, गेम इंजिनमध्ये खोट आहे. बहुतेक वेळा दोन्ही तर्क चुकीचे असतात. लिफ्टची जागा बरोबर मोजलेली असते आणि पात्राचीही बरोबर मोजलेली असते. फक्त त्या दोन जागा दोन वेगवेगळ्या क्षणांच्या असतात आणि पडद्यावर त्या एकाच चित्रात येतात.

हे कसं घडतं ते युनिटी या इंजिनच्या उदाहरणाने पाहू. ते जगभर आणि आपल्याकडेही भरपूर वापरलं जातं आणि त्यात हा दोष हमखास भेटतो.

लोकल ट्रेनमध्ये तुम्ही उभे असता तेव्हा गाडीबरोबर तुम्हाला पुढे नेतं ते तळव्याखालचं घर्षण. गेममधल्या पात्राला बहुधा ते घर्षणच नसतं. युनिटीत पात्रासाठी `CharacterController` नावाचा भाग वापरायची पद्धत आहे. तो म्हणजे एक अदृश्य, उभी, दोन्ही टोकांना गोलसर कुपी. ही कुपी भिंतीला अडते, जिना चढते, पण तिला ढकलणारं किंवा वाहून नेणारं कोणतंही बल तिच्यावर आपोआप लागत नाही. कोड सांगेल तेवढीच ती हलते. खालची फळी उजवीकडे सरकली, तर कुपी जिथल्या तिथे राहते आणि फळी पायाखालून निघून जाते. म्हणून पात्राला फळीबरोबर नेण्याची सोय प्रत्येक गेममध्ये कुणीतरी मुद्दाम करावी लागते. थरथर जन्माला येते ती ही सोय करताना.

सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे पेरेंटिंग. इंजिनमध्ये एका वस्तूला दुसऱ्या वस्तूची चाइल्ड करता येतं. मग चाइल्डची जागा जगाच्या मापाने न ठेवता पेरेंटपासून किती दूर अशी ठेवली जाते. पात्र लिफ्टची चाइल्ड झालं की 'लिफ्टच्या मध्यापासून एक मीटर वर' ही त्याची जागा. लिफ्ट कितीही हलली तरी हे अंतर तेच राहतं, आणि म्हणून पात्र आपोआप सोबत जायला हवं. लिफ्टवर ठेवलेलं खोकं, कठड्यावरचा दिवा, भिंतीतलं बटण यांच्या बाबतीत हे अगदी चोख चालतं, कारण त्यांची जागा ठरवणारं दुसरं कुणी नसतं.

पात्राचं तसं नाही. त्याची जागा ठरवणारे दोन जण होतात. एक पेरेंट, आणि दुसरं स्वतः त्याला चालवणारा कोड. त्यात इंजिनच्या आतली एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. वस्तू एकमेकांना धडकतात की नाही हे पाहणारं फिजिक्स इंजिन स्वतःची वेगळी वही ठेवतं. त्या वहीत प्रत्येक अदृश्य आकाराची जागा सरळ जगाच्या मापाने लिहिलेली असते. कोण कुणाची चाइल्ड, हे त्या वहीत नसतं. लिफ्ट हलली की दृश्यातलं पात्र पेरेंटिंगमुळे तिच्याबरोबर पाच सेंटिमीटर वर जातं, पण वहीत कुपी अजून जुन्याच जागी असू शकते. दोन्हींचा मेळ घातला जाण्याआधी पात्राच्या कोडने 'पुढे सरक' अशी आज्ञा दिली, तर कुपी जुन्या जागेपासून सरकते आणि दृश्यातलं पात्र त्या जागेवर परत ओढलं जातं. पेरेंटने वर नेलं, कंट्रोलरने खाली आणलं. हे दर सेकंदाला अनेकदा घडलं की डोळ्यांना ती थरथर दिसते.

पात्र कुपीऐवजी खऱ्या वजनाच्या `Rigidbody` वर चालत असेल तर गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. अशा वस्तूची हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून इंटरपोलेशन चालू ठेवलेलं असतं. ते दर फ्रेमला वस्तूच्या आधीच्या दोन नोंदींमधून तिची दृश्य जागा काढून लिहितं आणि पेरेंटने तेवढ्यात दिलेली हालचाल पुसली जाते. स्वतः चालणाऱ्या कोणत्याही वस्तूला हलत्या पेरेंटखाली ठेवणं टाळावं, हे माझं ठाम मत आहे.

पेरेंटिंगचा आणखी एक उपद्रव थोडक्यात सांगतो, कारण तो थरथरीसारखाच दिसतो पण थरथर नसतो. लिफ्टची फळी साध्या चौकोनी ठोकळ्याला रुंदीत पाचपट आणि उंचीत अर्धं ताणून केलेली असेल, तर चाइल्ड झालेल्या पात्राला तो ताण वारशाने मिळतो. इंजिन जोडतानाच उलटा हिशोब करून आकार सावरतं, पण पात्र वळलं की ते तिरपं आणि चपटं दिसू लागतं. यावर उपाय म्हणजे न ताणलेली एक रिकामी वस्तू हलवायची आणि दिसणारी ताणलेली फळी तिच्या आत ठेवायची.

पेरेंटिंग सोडून दिलं तरी थरथर जातेच असं नाही. कारण खरा गुंता वेळेचा आहे.

गेममध्ये दोन घड्याळं चालतात. एक पडद्याचं. प्रत्येक चित्र काढण्याआधी इंजिन `Update` नावाचा कोड एकदा चालवतं. पडदा सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल तर हा कोड साधारण 60 वेळा चालतो आणि कॉम्प्युटरवर भार आला की कमी वेळा. दुसरं घड्याळ फिजिक्सचं. त्याचा कोड `FixedUpdate` मध्ये असतो आणि तो ठरावीक अंतरानेच चालतो. युनिटीत हे अंतर मुळात 0.02 सेकंद ठेवलेलं असतं, म्हणजे सेकंदाला 50 ठोके. आता समजा, लिफ्ट बनवणाऱ्याने तिची हालचाल फिजिक्सच्या घड्याळावर ठेवली आणि पात्र बनवणाऱ्याने पात्राची हालचाल पडद्याच्या घड्याळावर. पात्राचा कोड लिफ्टचा वेग विचारतो आणि त्या वेगाने स्वतःला वर नेतो. दोघांचा वेग एकच, सेकंदाला 3 मीटर. कागदावर यात काहीच चूक नाही.

पण एकेक चित्र थांबवून पाहा. पात्र दर चित्राला 5 सेंटिमीटर वर जातं. लिफ्ट दर ठोक्याला 6 सेंटिमीटर वर जाते. पहिल्या चित्रापर्यंत फिजिक्सचा एकही ठोका पडलेला नाही, म्हणून पात्र 5 सेंटिमीटरवर आणि लिफ्ट शून्यावर. दुसऱ्या चित्रात पात्र 10 वर, लिफ्ट 6 वर. तिसऱ्यात 15 आणि 12, चौथ्यात 20 आणि 18, पाचव्यात 25 आणि 24. सहाव्या चित्रात दोघंही 30 वर येतात आणि तिथून हाच खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणजे तळवा आणि फरशी यांच्यातली फट 5, 4, 3, 2, 1, 0 सेंटिमीटर अशी मिटत जाते आणि एकदम पुन्हा 5 होते. सहा चित्रं म्हणजे एक दशांश सेकंद, म्हणून हे सेकंदाला दहा वेळा घडतं. या दहा झटक्यांनाच आपण थरथर म्हणतो. गणित कुठेही चुकलेलं नाही. सरासरी वेग शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर आहे.

या हिशोबातून आणखी एक कोडं सुटतं. बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत दिसतं आणि तोच गेम मित्राच्या कॉम्प्युटरवर थरथरतो, असं का? कारण मित्राचा पडदा सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा असू शकतो. तिथे फिजिक्सचे 50 ठोके 144 चित्रांत विखुरले जातात आणि 94 चित्रांत लिफ्ट मुळीच हललेली नसते. पडदा जितका वेगवान, तितकी ही विसंगती जास्त चित्रांत पसरते. महागडा पडदा घेतल्यावर थरथर वेगळीच दिसू लागली अशी तक्रार आली, तर त्यामागे बहुधा हेच असतं.

समजा, दोघांनाही पडद्याच्या घड्याळावर आणलं. तरी एक प्रश्न उरतो. एकाच चित्राच्या तयारीत आधी कुणाचा कोड चालतो? युनिटीत दोन वेगवेगळ्या स्क्रिप्टचे `Update` कोणत्या क्रमाने चालतील हे तुम्ही स्वतः ठरवलं नाही तर त्याची हमी नसते. पात्राचा कोड आधी चालला तर तो लिफ्टची मागच्या चित्रातली हालचाल वाचतो आणि त्याप्रमाणे सरकतो. त्यानंतर लिफ्ट पुढे जाते. पात्र कायम एक चित्र मागे राहतं, म्हणजे आपल्या उदाहरणात 5 सेंटिमीटर मागे. लिफ्ट वर जात असेल तर तळवे फरशीत 5 सेंटिमीटर बुडतात. खाली जात असेल तर तितकेच वर तरंगतात. चित्रांचा वेग अगदी स्थिर असेल तर हे मागे राहणंही स्थिर असतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एखादं चित्र काढायला दुप्पट वेळ लागला की त्या एका चित्रापुरतं अंतर 10 सेंटिमीटर होतं आणि पुढच्या चित्रात परत 5. शिवाय वर जाताना फरशीत रुतलेल्या कुपीला इंजिन बाहेर ढकलायला बघतं, त्या ढकलण्याची भर वेगळी. म्हणून हा दोष शांत दृश्यात लपतो आणि गर्दीच्या, धावपळीच्या दृश्यात उघडा पडतो.

कॅमेऱ्यामुळे तर निदानच फसू शकतं. कॅमेरा थरथरत्या पात्राला बांधलेला असेल तर पडद्यावर पात्र स्थिर दिसतं आणि लिफ्ट, भिंती, आख्खं जग थरथरताना दिसतं. मग माणूस लिफ्टचा कोड उघडून तासन्‌तास बसतो. निदान करताना कॅमेरा एका जागी रोवून ठेवावा.

खाली जाणाऱ्या लिफ्टचा एक खास त्रास आहे. तो घड्याळाचा नाही आणि क्रमाचाही नाही. बहुतेक पात्रांच्या कोडमध्ये एक ओळ असते: जमिनीवर असशील तर तुझा खाली पडण्याचा वेग शून्य कर. नाहीतर जमिनीवर उभं असतानाही गुरुत्वाकर्षणाने तो वेग साठत जाईल. ही ओळ स्थिर जमिनीवर बरोबर आहे. पण सेकंदाला 3 मीटरने खाली जाणाऱ्या लिफ्टवर शून्य वेग म्हणजे लिफ्टच्या हिशोबाने वर जाणं. पुढच्या चित्रात लिफ्ट 5 सेंटिमीटर खाली गेलेली असते आणि पात्र गुरुत्वाकर्षणाने जेमतेम पावणेतीन मिलिमीटर पडलेलं असतं. पात्र हवेत राहतं. साधारण 0.3 सेकंदाने त्याचा वेग लिफ्टइतका होतो, तोवर फट जवळजवळ 46 सेंटिमीटरची झालेली असते. पात्र फरशीला टेकतं 0.6 सेकंदांनी. टेकलं की कोड पुन्हा वेग शून्य करतो आणि पात्र पुन्हा हवेत सुटतं.

लिफ्ट संथ असेल तर हाच प्रकार थरथरीचं रूप घेतो. सेकंदाला अर्ध्या मीटरने उतरणाऱ्या लिफ्टवर प्रत्येक उडी एक दशांश सेकंदाची आणि जेमतेम सव्वा सेंटिमीटरची असते. दिसायला ती आधीच्या घड्याळाच्या थरथरीसारखीच, पण कारण पूर्ण वेगळं. इथे पात्र जमिनीवर आहे की नाही हे सांगणारा `isGrounded` सतत हो-नाही, हो-नाही करतो. म्हणूनच उडीचं बटण कधी लागतं, कधी लागत नाही. आणि 'जमिनीवर असेल तर लिफ्टची चाइल्ड कर, नसेल तर सोड' असा कोड असेल, तर पात्र सेकंदाला दहा वेळा जोडलं आणि सोडलं जातं. पेरेंटिंगचा दोष आणि गुरुत्वाकर्षणाचा दोष एकमेकांवर चढतात आणि मग कुठला कुठला हे ओळखणं कठीण होतं.

अनेक शिकवण्यांमध्ये यावर एक तोडगा सांगतात: जमिनीवर असताना खाली जाण्याचा वेग शून्याऐवजी उणे 2 ठेवा. सेकंदाला 2 मीटरपेक्षा संथ लिफ्टवर तो चालतो. 3 मीटरवाल्या लिफ्टवर तो पुरत नाही, पात्र तिथेही 5 सेंटिमीटरपर्यंत सुटत राहतं. खरा उपाय म्हणजे लिफ्टची हालचाल पात्राला थेट देणं. मग पात्राचा स्वतःचा वेग लिफ्टच्या हिशोबाने मोजला जातो आणि 'शून्य कर' ही ओळ पुन्हा बरोबर ठरते.

म्हणजे करायचं काय? पेरेंटिंग नको. लिफ्टने आधी हलावं, आपण या चित्रात नेमकं किती हललो ते नोंदवून ठेवावं आणि पात्राने त्यानंतर तेवढंच सरकून मग आपली चाल त्यात मिळवावी. लिफ्टच्या कोडचा गाभा इतकाच:

```csharp
[DefaultExecutionOrder(-100)]
public class Lift : MonoBehaviour
{
    public Vector3 Delta;
    public Vector3 velocity;

    void Update()
    {
        Delta = velocity * Time.deltaTime;
        transform.position += Delta;
        Physics.SyncTransforms();
    }
}
```

आणि पात्राच्या `Update` मध्ये:

```csharp
controller.Move(lift.Delta + walk * Time.deltaTime);
```

यातली पहिली ओळ क्रम पक्का करते. आकडा जितका लहान, तितका तो कोड आधी चालतो, आणि काहीच लिहिलं नाही तर तो शून्य धरला जातो. `Physics.SyncTransforms()` ही ओळ अनेक जण विसरतात आणि मग उपाय अर्धवट पडतो. लिफ्ट दृश्यात खाली गेलेली असते, पण फिजिक्सच्या वहीत तिची फरशी अजून जुन्या उंचीवर असते. पात्र खाली सरकू पाहतं आणि त्या न दिसणाऱ्या जुन्या फरशीवर अडतं. ही ओळ वही ताबडतोब अद्ययावत करते. ती फुकट नाही, तिला वेळ लागतो, म्हणून गेममध्ये शंभर लिफ्ट असतील तर सगळ्या हलवून झाल्यावर एकदाच ती चालवावी.

ज्या गेममध्ये खोकी, चेंडू असं बरंच काही खऱ्या फिजिक्सवर चालतं, तिथे लिफ्ट आणि पात्र दोघंही फिजिक्सच्या घड्याळावर ठेवावे लागतात. तोही रस्ता बरोबर आहे, पण मग इंटरपोलेशन दोघांनाही लावायचं. एकालाच लावलं तर तो फिजिक्सच्या जवळजवळ एका ठोक्याने मागे दिसतो आणि दुसरा दिसत नाही, म्हणजे पुन्हा दोन वेळा एकाच चित्रात आल्या.

ज्यांनी हे काम नीट केलं त्यांनी क्रमाकडे बारकाईने पाहिलं आहे. 2018 साली आलेल्या 'सेलेस्ट' या उड्यांच्या गेममध्ये भिंती-फळ्या आणि हलणारी पात्रं असे दोन वेगळे वर्ग आहेत. फळी हलण्याआधी आपल्यावर सध्या कोण उभं आहे याची यादी करते, मग स्वतः सरकते आणि यादीतल्यांना तेवढंच सरकवते. यादी आधी करण्याला कारण आहे. फळी हलल्यावर विचारलं तर उत्तर चुकतं, कारण पात्र तेव्हा तिला टेकलेलं नसतं. अनरियल इंजिनमध्ये पात्र ज्या वस्तूवर उभं राहतं ती त्याची आधारवस्तू म्हणून नोंदली जाते आणि आधारवस्तूचं काम आधी, पात्राचं नंतर, हे इंजिन स्वतः जुळवून घेतं. गोडो इंजिनची `move_and_slide` ही आज्ञा हलत्या फरशीचा वेग स्वतःच पात्रात मिळवते. तिथे अट एवढीच की फरशी फिजिक्सच्या घड्याळावर हलली पाहिजे. ती दुसरीकडून हलवली की तीच थरथर परत येते.

निदानासाठी डोळ्यांवर विसंबू नका. प्रत्येक चित्रात पात्राची उंची वजा लिफ्टची उंची हा एकच आकडा छापा आणि शे-दोनशे ओळी वाचा. आकडा पायरीपायरीने उतरून एकदम उडी घेत असेल तर दोन घड्याळं वेगळी आहेत. आकडा स्थिर पण चुकीचा असेल, वर जाताना कमी आणि खाली जाताना जास्त, तर क्रम उलटा आहे. आकडा फक्त खाली जातानाच कमानीसारखा वाढून परत येत असेल आणि त्याच वेळी `isGrounded` बदलत असेल, तर वेग शून्य करणारी ओळ दोषी आहे. आणि आकडा दोनच किमतींमध्ये पुढे-मागे नाचत असेल, तर पात्राची जागा दोघं जण ठरवत आहेत. तिथे पेरेंटिंग शोधा.

काही जण फिजिक्सचं अंतर 0.02 वरून 0.0167 करतात आणि थरथर गेली म्हणून काम संपवतात. ती 60 च्या पडद्यावरच जाते, आणि तिथेही पूर्ण जात नाही, कारण पडद्याचा वेग कधीच अगदी नेमका 60 नसतो. तुमचा गेम दुसऱ्यांच्या हातात देण्याआधी तो सेकंदाला 30, 60 आणि 144 चित्रांवर चालवून बघा, आणि तिन्ही वेळा लिफ्टने वर जाऊन थांबू नका, खालीही या.